रात्री गुदमरून, घाबरून जाग येते: पॅनिक की स्लीप अ‍ॅप्निया, हे ठरवण्याचा नीट क्रम

झोपेतून एकदम उठून बसायचं, हवा पुरत नाही असं वाटायचं, छाती धडधडत असते, आणि पुढची काही मिनिटं आपण मरतोय की काय या भीतीत जातात. ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर एका ठरावीक वाटेने फिरून आलेले असतात. ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, ‘टेन्शन घेऊ नका’ असं ऐकलं आणि झोपेची गोळी सुरू झाली. काही जण उलट्या बाजूने येतात. ते घोरतात म्हणून थेट झोपेत लावायचं श्वासाचं मशीन विकत घेतलं, पण हल्ले तसेच सुरू. दोन्हीकडे चूक एकच, ती म्हणजे निदानाच्या आधी उपचार.

भीतीच्या तीव्रतेवरून हे दोन आजार वेगळे करता येत नाहीत. अ‍ॅप्नियामध्ये झोपेत घसा बंद पडून श्वास थांबला तरी शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, आणि पॅनिकमध्ये, म्हणजे अचानक आलेल्या भीतीच्या झटक्यात, काहीही न अडकतासुद्धा तेच सोडतं. धडधड, घाम, थरथर दोन्हीकडे सारखीच. फरक सापडतो तो जाग येण्याआधीच्या एका मिनिटात आणि जाग आल्यानंतरच्या दहा मिनिटांत. नंतरचं तुम्ही सांगू शकता. आधीचं मात्र तुम्हाला माहीत नसतं, कारण तेव्हा तुम्ही झोपेत असता. ही उणीव भरून काढणं, हेच खालच्या सगळ्या पायऱ्यांचं काम आहे.

## पायरी १: आधी धोक्याची लक्षणं तपासा

पुढचं काहीही करण्याआधी हे पाहा. छातीत दाबल्यासारखं दुखतंय आणि ते हात, जबडा किंवा पाठीकडे जातंय, ओठ निळसर पडलेत, शुद्ध हरपली, खोकल्यातून गुलाबी फेस येतोय, एकाच पायाला अचानक सूज आहे, किंवा उठून बसल्यावरही पंधरा-वीस मिनिटांत दम कमी होत नाही. यापैकी एकही असेल तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

इशारा: आपल्याकडे रात्रीच्या छातीच्या त्रासाला ‘गॅस’ म्हणून सोडा किंवा इनो देण्याची सवय घट्ट आहे. ढेकर आली आणि बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असं ठरत नाही. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह किंवा बीपी असलेल्या माणसाच्या पहिल्याच अशा हल्ल्यात ईसीजी त्याच रात्री काढायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

## पायरी २: जाग आल्यानंतरच्या दहा मिनिटांची नोंद

उशाशी वही-पेन ठेवा. मोबाईलवर लिहायला गेलात तर झोप पूर्ण उडते. दोन आठवडे प्रत्येक हल्ल्याच्या चार गोष्टी लिहा.

१. झोप लागल्यापासून साधारण किती वेळाने जाग आली.
२. गुदमरणं किती वेळ टिकलं: काही सेकंद की दहा-वीस मिनिटं.
३. परत झोप कधी लागली.
४. हातापायांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या का.

अ‍ॅप्नियामध्ये जाग येणं हीच सुटका असते. मेंदू थोडा जागा होतो, घशाचे स्नायू पुन्हा ताठ होतात आणि वाट उघडते. म्हणून एक-दोन मोठे, घुसमटलेले श्वास, एखादा घोरल्यासारखा आवाज, आणि अर्ध्या-एक मिनिटात श्वास पूर्ववत. धडधड थोडी रेंगाळते, पण बहुतेक माणसं कूस बदलून पुन्हा झोपतात. पॅनिकमध्ये उलटा क्रम असतो. जाग आल्यानंतर त्रास चढत जातो, काही मिनिटांत शिखरावर पोचतो आणि मग सावकाश उतरतो. माणूस लख्ख जागा असतो, सगळं आठवत असतं, आणि पुन्हा आडवं व्हायची भीती वाटत असल्याने तास-दीड तास झोप येत नाही.

मुंग्यांचा प्रश्न बारीक आहे, पण फार उपयोगी. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो. त्यातून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, क्वचित बोटं आखडतात. असं होत असेल तर श्वास कमी पडत नव्हता, गरजेपेक्षा जास्त होत होता. अर्थात अ‍ॅप्नियाने जागा झालेला माणूसही घाबरून असा श्वास घेऊ शकतो. म्हणून ही खूण एकटी पुरेशी नाही.

वेळेचंही तसंच. रात्रीचे पॅनिक हल्ले बहुधा झोप लागल्यानंतरच्या पहिल्या एक ते तीन तासांत येतात. झोप हलक्या टप्प्यातून गाढ टप्प्यात उतरत असते तेव्हा ते येतात, आणि त्यामुळेच त्यामागे सहसा स्वप्न नसतं. अ‍ॅप्निया रात्रभर असू शकतो, पण स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, स्नायू सर्वात सैल असतात आणि घसा सहज मिटतो. रेमचे टप्पे पहाटेकडे लांबत जातात. म्हणून पहाटे तीन-चारनंतर वारंवार येणारी जाग अ‍ॅप्नियाकडे थोडी झुकते.

तपासून पाहा: ‘रात्री दोन वाजता जाग आली’ एवढंच लिहिलंय का? झोप दहाला लागली की एकला, हे नसेल तर ती नोंद डॉक्टरांच्या कामाची नाही.

नेहमीची चूक: उठल्यावर बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, ९७ दिसलं की ‘अ‍ॅप्निया नाही’ म्हणायचं. श्वास सुरू होताच ऑक्सिजन काही सेकंदांतच वर येतो. तुम्ही दिवा लावून यंत्र शोधेपर्यंत पुरावा संपलेला असतो. जागेपणीचा आकडा झोपेबद्दल काहीच सांगत नाही.

## पायरी ३: जाग येण्याआधीचं मिनिट मिळवा

शेजारी झोपणाऱ्या माणसाला ‘मी घोरतो का?’ एवढंच विचारू नका. त्याचं उत्तर बहुतेकदा ‘थोडंसं’ असतं. विचारायचं असं: घोरता घोरता मध्येच आवाज पूर्ण थांबतो का? तेव्हा पोट आणि छाती हलत असते का? मग एकदम खर्रकन श्वास येऊन अंग हलतं का? आवाज बंद, छाती-पोट मात्र ओढ घेतंय, आणि नंतर खाडकन उसासा, असं पाहिल्याचं कोणी सांगितलं तर ते घोरण्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे.

एकटे झोपत असाल तर फोनवर आवाज मुद्रित करा. फोन चार्जिंगला लावून उशापासून हातभर अंतरावर, डोक्याच्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. पंखा शक्य तितका मंद ठेवा, नाहीतर त्याच्या घरघरीत सगळं बुडतं. तीन रात्री पुरतात. सकाळी पूर्ण ऐकत बसू नका. वहीत जाग आल्याची जी वेळ आहे तिच्या आधीची पाच मिनिटं ऐका. घोरणं, दहा-वीस सेकंद शांतता, मग गुरगुरत श्वास, पुन्हा घोरणं, असं चक्र असेल तर ती अ‍ॅप्नियाची ठळक खूण. आधी नियमित, शांत श्वास आणि मग एकदम कूस बदलण्याचा, उठून बसण्याचा आवाज, असं असेल तर पॅनिककडे पारडं झुकतं.

स्मार्टवॉचचे आलेख दाखवायला हरकत नाही, पण त्यावरून निदान करू नका आणि नाकारूही नका.

## पायरी ४: डॉक्टरांकडे जाताना काय मोजून न्यायचं

पहिली भेट फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनकडे. थेट तज्ज्ञाकडे गेलात तर तो आधी त्याच्या विषयाचं कारण शोधेल, आणि बाकीची कारणं मागे पडतील.

सोबत न्या: वही, आवाजाची एक-दोन मिनिटांची कात्रणं, उंची-वजन, गळ्याचा घेर, आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. घेर कंठाच्या उंचवट्याच्या पातळीवर शिंप्याच्या टेपने मोजायचा. औषधांत थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचं मद्यही आलं.

डॉक्टर बहुधा स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी वापरतात: मोठं घोरणं, दिवसाचा थकवा, कोणी श्वास थांबलेला पाहिलाय का, बीपी, बीएमआय ३५ पेक्षा जास्त, वय ५० पेक्षा जास्त, गळा ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि पुरुष असणं. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. ० ते २ म्हणजे शक्यता कमी, ३-४ मध्यम, ५ किंवा जास्त म्हणजे दाट. ही चाळणी आहे, निदान नव्हे. आपल्याकडे बीएमआय ३५ च्या बराच खाली असूनही अ‍ॅप्निया असलेली माणसं नेहमी दिसतात, कारण जबड्याची आणि घशाची ठेवणही तितकीच महत्त्वाची असते.

रात्री लघवीला किती वेळा उठता, हेही सांगा. बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाचे कप्पे ताणले जातात आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. त्यामुळे दोन-तीनदा उठणाऱ्याला वाटतं की लघवीमुळे जाग येते, पण जाग आणणारा श्वास असतो. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी बसल्या जागी डुलकी, हेही त्याच यादीत.

इशारा, विशेषतः बायकांसाठी: पाळी गेल्यानंतर अ‍ॅप्नियाचं प्रमाण वाढतं, पण बायका मोठ्या घोरण्यापेक्षा ‘झोप मोडते, घाबरायला होतं, दिवसभर थकवा’ अशी तक्रार जास्त करतात. ती ऐकून चिंतेची गोळी मिळते आणि घशाकडे कुणी पाहत नाही. श्वास अडकून जाग येते हे पहिल्याच वाक्यात सांगा.

## पायरी ५: दोघांच्या आधी बाकीचे वगळले जातात

डॉक्टर आधी तिसरंच कारण शोधतात, आणि ते बरोबर आहे. हृदय कमजोर असेल तर झोपल्यावर एक-दोन तासांनी दम लागून जाग येते, उशा वाढवाव्या लागतात, पाय सुजतात. ईसीजी आणि इको त्यासाठी. दम्यात पहाटे खोकला आणि सूं-सूं आवाज असतो. आम्लपित्त वर येऊन स्वरयंत्र आखडलं तर श्वास आत घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो, बोलता येत नाही, तोंडात आंबट चव असते आणि मिनिटभरात सुटतं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने हल्ल्याच्या वेळी साखर मोजलीच पाहिजे. ७० च्या खालची साखर हुबेहूब पॅनिकसारखी दिसते. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन रक्तातून कळतं.

यातलं काही सापडलं नाही, तरच पुढची पायरी.

## पायरी ६: स्लीप स्टडी, आणि तिचा अहवाल कसा वाचायचा

स्लीप स्टडी म्हणजे झोपेत असताना श्वास नोंदवणारी तपासणी. तिचे दोन प्रकार आहेत. घरची तपासणी म्हणजे नाकाशी नळी, छाती-पोटाला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. लॅबमधल्या तपासणीत याशिवाय डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात, म्हणजे तुम्ही खरोखर झोपला होतात का हे कळतं. घोरणारा, जाड गळ्याचा, दिवसा पेंगणारा माणूस असेल तर घरची पुरते. पण रात्री घाबरून जागणाऱ्या माणसाला आम्ही लॅबचीच शिफारस करतो. कारण सरळ आहे. घरचं यंत्र श्वास अडकण्याच्या घटनांना यंत्र चालू असलेल्या तासांनी भागतं. माणूस अर्धी रात्र जागाच असेल तर आकडा खोटा लहान येतो. शिवाय ऑक्सिजन न घसरता केवळ जाग आणणारे अडथळे त्याला दिसत नाहीत.

तयारी: त्या दिवशी केस शांपूने धुऊन, तेल न लावता जा, तेलावर इलेक्ट्रोड टिकत नाहीत. एका बोटाचं नेलपॉलिश काढा. दुपारी झोपू नका, मद्य घेऊ नका. नेहमीची औषधं मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.

अहवालात आधी एएचआय पाहतात, म्हणजे झोपेच्या तासाला श्वास पूर्ण किंवा अर्धवट अडकण्याच्या घटना. प्रत्येक किमान १० सेकंदांची. ५ च्या खाली सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० पासून पुढे तीव्र. इथेच थांबू नका. एकूण झोप किती तास झाली, रेम किती मिनिटं मिळाली आणि पाठीवर किती वेळ झोपलात, हे तीन आकडे शोधा. रेम झोप जवळपास लागलीच नसेल, किंवा रात्रभर कुशीवर असाल, तर ‘नॉर्मल’ हा शब्द अर्धवट आहे.

तपासणीच्या रात्री हल्ला आलाच तर डॉक्टर त्याआधीचा आलेख उलगडतात. हवेची रेघ सपाट, छाती-पोटाची ओढ चालू, मग जाग आणि नंतर नाडी वेगात, हा अ‍ॅप्निया. हवेची रेघ शेवटपर्यंत नीट, गाढ झोपेकडे उतरताना अचानक जाग, आणि नाडीची उसळी त्या जागेबरोबरच, हे पॅनिककडे झुकणारं.

नेहमीचा गैरसमज: ‘त्या रात्री हल्ला आलाच नाही, पैसे फुकट गेले.’ नाही गेले. अ‍ॅप्निया बहुतेक रात्री असतोच, त्यामुळे एका रात्रीत तो बहुधा दिसतो. पॅनिक रोज येत नाही, आणि स्लीप स्टडीने ते सिद्धही होत नाही. स्लीप स्टडी फक्त घशाची बाजू स्पष्ट करते.

## पायरी ७: पॅनिकचं निदान उरलेलं म्हणून करायचं नसतं

अ‍ॅप्निया नाही म्हणजे पॅनिकच, असं गणित चालत नाही. मानसोपचारतज्ज्ञ स्वतंत्र पुरावा मागतात: अचानक येणारे, काही मिनिटांत शिखर गाठणारे, चार किंवा जास्त लक्षणांचे हल्ले, आणि किमान महिनाभर ‘पुन्हा येईल’ ही धास्ती किंवा तिच्यापायी बदललेलं वागणं. दिवा लावून झोपणं, झोपायची वेळ ढकलत राहणं, एकट्याने न झोपणं हे बदललेलं वागणं झालं. रात्रीचं पॅनिक असणाऱ्या बहुतेकांना दिवसाही कधीतरी हल्ला आलेला असतो, लोकलच्या गर्दीत, लिफ्टमध्ये किंवा रांगेत. तो आठवून सांगा. दिवसा एकही नाही आणि फक्त रात्रीच, असं असेल तर घशाकडे पुन्हा एकदा पाहायला हवं.

## एक नमुना, आकड्यांसह

समजा ५१ वर्षांच्या शिक्षिका आहेत. बीएमआय २८, गळा ३७ सेंटिमीटर, बीपीची गोळी चालू, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. आठवड्यातून दोन-तीनदा गुदमरून जाग, बहुधा पहाटे, एरवी लघवीला दोनदा. कधी मिनिटभरात बरं, कधी वीस मिनिटं थरथर आणि बोटांना मुंग्या. स्टॉप-बँगचे गुण तीन: बीपी, वय, थकवा.

घरच्या तपासणीत साडेसात तासांत ३२ घटना, म्हणजे तासाला ४.३. अहवाल ‘नॉर्मल’, सल्ला चिंतेच्या गोळीचा. पण वहीनुसार त्या रात्री झोप जेमतेम सव्वाचार तास झाली होती. त्याने भागलं तर तेच ३२ तासाला साडेसातवर जातात. म्हणून लॅब. तिथे साडेपाच तासांत ९४ घटना, एएचआय १७. त्यातल्या ३२ घटना रेमच्या ५० मिनिटांत, म्हणजे तेवढ्या वेळेपुरतं तासाला ३८. पहाटेची जाग कुठून येते हे इथे कळलं.

तरी मिनिटभराचे आणि वीस मिनिटांचे हल्ले एकच नव्हेत. वहीत लांबलेले हल्ले पहिल्या दोन तासांतले निघाले, आणि बँकेच्या रांगेत दिवसा आलेला एक हल्लाही. दोन्ही आजार एकत्र. हे दुर्मीळ नाही.

## पायरी ८: उपचारांचा क्रम

मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया सापडला तर सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, आधी किंवा सोबतच. तो मागे ठेवून फक्त मनाचे उपचार करायचे नाहीत. दोन्ही असणाऱ्यांत सीपॅपने पॅनिकचे हल्लेही कमी होताना दिसतात.

पण घाबरणाऱ्या माणसाला पहिल्याच रात्री मास्क चढवला की तो अर्ध्या तासात काढून फेकतो. म्हणून दिवसा सुरुवात करा. पहिले दोन दिवस मशीनशिवाय, मास्क हाताने चेहऱ्याशी धरून पाच मिनिटं. मग पट्टे बांधून टीव्ही पाहत पंधरा मिनिटं. मग मशीन चालू करून, कमी दाबावर, बसूनच. चौथ्या-पाचव्या दिवशी आडवं होऊन, आणि त्यानंतर रात्री. मास्क एका झटक्यात कसा सुटतो हे आधी चार वेळा करून पाहा. तो काढता येतो हे हाताला कळलं की भीती बरीच उतरते.

पॅनिकसाठी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, आणि गरजेप्रमाणे एसएसआरआय गटातली गोळी. गोळीचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत घालमेल थोडी वाढू शकते. याच टप्प्यावर बरेच जण स्वतःहून सोडतात. मोफत बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही.

इशारा: अल्प्राझोलामसारख्या चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्या घसा सैल करतात आणि मेंदूची जाग उशिरा आणतात. अ‍ॅप्निया वगळला नसेल तर त्या नव्याने सुरू करू नयेत. महिनोन् महिने घेत असाल तर एकदम बंदही करू नका; डॉक्टर सावकाश उतरवतील.

हल्ला चालू असताना: घरच्यांनी ‘खोल श्वास घे’ म्हणू नये, त्याने मुंग्या वाढतात. पलंगाच्या कडेला बसा, श्वास छोटा घ्या, सोडताना लांबवा. कागदी पिशवीत श्वास घेणं टाळा. त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर ते घातक आहे.

चार ते सहा आठवड्यांनी मशीनची नोंद आणि वही एकत्र ठेवून पाहा. मशीनमध्ये रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय असतो. तास चारपेक्षा जास्त आणि एएचआय ५ च्या खाली हवा. मग प्रत्येक हल्ल्याची वेळ जुळवा. मास्क दोनला निघाला आणि हल्ला चारला आला, तर तो अ‍ॅप्नियाच्या खात्यात टाका आणि मास्क बदलून पाहा. मास्क चेहऱ्यावर होता, त्या रात्रीचा एएचआय २ होता, गळती नव्हती आणि तरीही हल्ला आला, तर ते पान मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.